चालणारी आणि थांबणारी

फोन आला तेव्हा चौकशीबाई ओट्यापाशी उभ्या राहून भाजी निवडत होत्या. नाव बघितलं आणि हातातली जुडी तशीच टाकून त्यांनी ओल्या हाताने फोन उचलला.

"सोमवारपासून येतेय कामावर," पलीकडून पैलवान म्हणाली.

बाईंनी तोंड उघडलं. ओठांवर प्रश्नांची रांग उभी होती, धक्काबुक्की करत.

"थांब. आधी माझं ऐक. हार नको, केक नको, भाषण तर नकोच. आणि 'कशी आहेस गं' असं कुणी त्या आवाजात विचारलं ना, तर दारातूनच परत जाईन मी."

"कुठल्या आवाजात?"

"मान तिरकी करून. मयताला आल्यासारखा."

बाईंच्या लक्षात आलं की आपली मान या क्षणी तिरकीच आहे. त्यांनी ती सरळ केली.

"बरं," त्या म्हणाल्या. "सोमवारी भेटू." आणि फोन ठेवला. स्वतः आधी फोन ठेवण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. आतल्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "चुकीचा नंबर होता का?"

चौकशीबाईंना हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. लाँड्रीत नव्याने आलेल्या माणसाचं गाव, घरभाडं, सासूचा स्वभाव आणि पोटाची तक्रार पहिल्या चहाच्या आत त्यांच्याकडे जमा व्हायची. वाईट हेतू कधीच नसायचा. माणसाविषयी काही माहीत नसलं की त्यांना चप्पल उलटी पडल्यासारखं अस्वस्थ व्हायचं, एवढंच. गाडीवाला ड्रायव्हर म्हणायचा, "यांना स्टेशनवर खिडकीत बसवा, रांगच लागणार नाही. माणसाने तोंड उघडायच्या आत याच विचारतील, कुठे निघालात, कशाला निघालात, आणि बायकोला का नाही नेत?"

आणि पैलवान ही त्यांची जोडीदारीण. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणारी ती लाँड्री. तिथे मोठ्या चादरींच्या घड्या एकटीने होत नाहीत, जोडी लागते. गरम रोलरमधून चादर सपाट होऊन बाहेर पडते, दोघी चार टोकं धरतात, मागे सरतात, एक झटका देतात. चादर ताठ होते, फट्ट असा आवाज येतो. मग दोघी जागच्या जागी हाताला हात लावून लांबीची घडी घालतात. त्यानंतर एकीने चालत येऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, खाली वाकून लोंबणारी घडी उचलायची, पुन्हा मागे जायचं, पुन्हा यायचं. जी चालते ती चालणारी, दुसरी थांबणारी. थांबणारीचे हात कामात असतात; चालणारीचे हात, पाय, कंबर, सगळंच. वर्षानुवर्षं पैलवान चालणारी होती. उंच, रुंद खांद्यांची, मोठ्या पलंगाची चादर रुमालासारखी झटकणारी. नाव तिथूनच पडलेलं. ती चालायची आणि चौकशीबाई थांबून बोलायच्या, अशी ती वाटणी.

मग पैलवान आजारी पडली. मोठं आजारपण. दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. उन्हाळा गेला, थंडी गेली, पुढचा उन्हाळा आला. तेवढे दिवस टॉवेलवाली बदली म्हणून घड्यांना उभी राहिली. बिचारीने तक्रार केली नाही, पण तिची चादर नेहमी एका बाजूला लोंबायची.

शनिवारी साहेबांनी चौकशीबाईंना केबिनमध्ये बोलावलं. साहेब माणूस चांगला, पण चांगुलपणा केला की तो चार लोकांनी पाहावा असं त्यांना वाटे. टेबलावर फुलांच्या दुकानाचं कार्ड होतं.

"सोमवारी सगळ्यांना दहा मिनिटं मोकळं करतो. छोटासा कार्यक्रम. तुम्ही दोन शब्द बोला. तुम्हाला काही शिकवायला नको."

"साहेब, तिला नकोय."

"अहो, सगळे असंच म्हणतात. आतून बरं वाटतं."

"तिला आतून बाहेरून दोन्हीकडून नकोय. मला फोन करून सांगितलंय. फुलं आणलीत तर ती परत जाईल, आणि फुलं घेऊन तुम्हीच उभे राहाल."

साहेबांनी कार्ड खणात टाकलं. मग जरा थांबून म्हणाले, "मला तिने दोनच गोष्टी तुम्हा सगळ्यांना सांगायची परवानगी दिलीय. सध्या ती दुपारपर्यंतच काम करेल. आणि मळक्या कपड्यांच्या बाजूला तिला पाठवायचं नाही. बाकी तिचं तिच्यापाशी."

लाँड्रीला दोन दारं होती. एका दारातून मळके गठ्ठे आत यायचे, दुसऱ्यातून स्वच्छ बाहेर पडायचे. मधल्या भिंतीपलीकडे गठ्ठे सोडायचं काम सगळ्या बायका आळीपाळीने करायच्या. दवाखान्यातल्या चादरी असायच्या त्यात. नुकतंच बरं होत असलेल्या माणसाला तिथे का पाठवायचं नाही, हे कळायला चौकशीबाईंना फार डोकं लावावं लागलं नाही. पण 'का' हा शब्द जिभेच्या टोकावर आला, तिथेच फिरला आणि त्यांनी तो गिळला. 

बाहेर येऊन त्यांनी रोलरवालीला आणि टॉवेलवालीला बोलावलं.

"ऐका. सोमवारी पैलवान येतेय. बारीक झालीस म्हणायचं नाही. बरी दिसतेस असंही म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?" रोलरवालीने विचारलं.

"रोज मला काय म्हणतेस?"

"उशीर केलात म्हणते."

"मग तेच."

"आणि डोक्याला रुमाल असला तर? माझ्या नणंदेच्या जावेला..."

"नणंदेची जाऊ कामावर येतेय का? नाही ना? मग तिला घरी राहू दे. आमची कुणी, शेजारची कुणी, अमुक औषध, तमुक डॉक्टर, कुणाचं नाव काढायचं नाही. तिने स्वतःहून काही सांगितलं तर ऐकायचं, आणि ऐकून झालं की तिथेच सोडायचं. पुढे न्यायचं नाही."

दोघी बाईंकडे बघतच राहिल्या. "बाई," टॉवेलवाली हळूच म्हणाली, "हे तुम्हाला जमेल?"

हाच प्रश्न बाईंनाही पडला होता.

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. साहेबांकडे परत जाऊन त्यांनी स्वतःसाठी एक बाक मागितला. गुडघा दुखतो म्हणाल्या. घड्यांच्या टेबलाशेजारी बाक, आणि मध्ये मध्ये टेकायला दोन-दोन मिनिटं. गुडघा ठणठणीत होता. पण एकटीसाठी बाक ठेवला की तो आजाऱ्याचा बाक होतो, दोघींसाठी ठेवला की नुसता बाक राहतो, असा त्यांचा हिशोब.

सोमवारी पैलवान आली. डोक्याला निळा रुमाल, अंगात जुना कामाचा झगा, खांद्यांवरून उतरलेला. चालणं सावकाश. ती दारात आली आणि सगळ्यांना एकदमच शहाणपण सुचलं. कुणी बोलेना. रोलरवाली रोलरकडे बघू लागली, टॉवेलवाली टॉवेल मोजू लागली. ड्रायव्हर छताकडे बघत होता. एरवी मशिनपेक्षा बायकांचाच आवाज मोठा असायचा त्या खोलीत. आज इतकी शांतता की वाफेचं फुसफुसणं ऐकू येत होतं. पैलवान उंबऱ्यापाशीच थांबली. तिचा हात रुमालाकडे गेला.

चौकशीबाईंना चूक कळली. आपणच सगळ्यांची तोंडं शिवली आणि त्याचाच तमाशा झाला. हाक मारायची तर कोणत्या नावाने? इतक्या वर्षांत तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलीच नव्हती. आणि आता त्या उतरलेल्या खांद्यांकडे बघून पैलवान म्हणायचं म्हणजे थट्टा. न म्हणावं तर, ती होती तशी आता राहिली नाही, असं दवंडी पिटून सांगण्यासारखं.

"ए पैलवान!" बाई ओरडल्या. "मुहूर्त काढलायस का? रोलर तापून बसलाय, ये!"

टॉवेलवालीच्या हातून टॉवेल पडला. रोलरवालीने डोळे मिटले.

पैलवान हसली. आधी नुसतं नाकाने, मग तोंडाने. "आले गं चौकशे. ओरडतेस काय, बहिरी नाही झाले."

"उशीर केलात," रोलरवाली घाईघाईने म्हणाली, आणि मग सगळी खोली पूर्ववत खिदळायला लागली.

बाईंनी तिला आजाराचं काही विचारलं नाही, पण गप्पही बसल्या नाहीत. गप्प बसल्या असत्या तर पैलवानला त्यांचीच काळजी वाटली असती. तिच्या गैरहजेरीत साठलेलं सगळं त्यांनी तिच्या पदरात ओतायला घेतलं. टेकडीवरच्या हॉटेलाला आता चादरीची घडी चौपदरी नको, तिपदरी हवी. त्यांच्या मॅनेजरची नवी खोड. दोन नंबरचं मशिन बटणं खातं. ड्रायव्हरने गाडी खांबाला घासली आणि खांबच मध्ये आला म्हणून सांगितलं.

"खांब मध्येच होता!" पलीकडून ड्रायव्हर ओरडला.

"आणि साबण बदललाय. वास घेऊन बघ, घाण आहे ना?"

"घाण आहे," पैलवान म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. सगळ्यांनी मिळून शिव्या घालायच्या गोष्टीत आपलाही वाटा आहे, हे माणसाला कधी कधी औषधासारखं लागतं.

पहिली चादर रोलरमधून आली. दोघींनी टोकं धरली, मागे सरल्या, झटकली. आवाज नीट आला नाही. पैलवानच्या बाजूने झटका ढिला पडला. लांबीची घडी झाली. आणि पैलवान पाऊल उचलणार, त्याच्या आत चौकशीबाई चालत तिच्यापाशी पोचल्या. टोकं तिच्या हातात दिली, वाकल्या, घडी उचलली, मागे गेल्या. दुसऱ्या चादरीलाही तेच, तिसऱ्यालाही. तोंड चालू होतं, त्यामुळे पायांकडे कुणाचं लक्ष जाणार नाही असं त्यांना वाटलं. मध्येच "अगं बाई, माझा गुडघा" म्हणत त्या बाकावर बसत, म्हणजे पैलवानलाही बसता यावं. पैलवान बसायची.

आठवडा असाच गेला. बाईंना स्वतःचा मोठा अभिमान वाटत होता. एक प्रश्न नाही, एक उसासा नाही, मान सरळ. रात्री मात्र कंबर धरलेली. नवरा मलम चोळत म्हणायचा, "गुडघा दुखतो म्हणून बाक मागितलास ना? मग दुखते कंबर कशी?"

"चोळा गुपचूप."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी साहेब घड्यांच्या खोलीत येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग पैलवानला बाजूला घेऊन बोलले, आणि ती परत आली तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. एक चादर झाली. दुसरी झाली. तिसरीला बाई नेहमीप्रमाणे चालत तिच्यापर्यंत आल्या, तेव्हा पैलवानने टोकं घेतलीच नाहीत.

"कुठला गुडघा दुखतो तुझा?"

"हा... डावा."

"सोमवारी उजवा होता."

बाईंनी आधी एका गुडघ्याकडे बघितलं, मग दुसऱ्या.

"गुडघा दुखतो म्हणून बाक आणलास, आणि वाकतेस तूच? चालतेस तूच? मला काय वेड लागलंय, का दिसायचं बंद झालंय?"

"अगं, मी म्हटलं..."

"साहेब काय म्हणाले ठाऊक आहे? 'तुम्हाला घड्या झेपत नाहीत, मी पाहिलं, सगळं बाईच करतात. शिक्के मारायच्या खोलीत खुर्ची देतो, आरामात बसा.' खुर्ची, चौकशे! त्या कोंदट खोलीत, एकटीने, उशांच्या अभ्र्यांवर शिक्के मारत." तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "दवाखान्यात पडल्या पडल्या मी एकच गोष्ट मनात धरून होते. त्या रोलरपाशी परत उभं राहायचं. आणि तू मला उभीच ठेवलीस. खांबासारखी."

मागे रोलरमधून चादर बाहेर येत होती आणि धरायला कुणी नव्हतं. रोलरवालीने धावत येऊन मशिन थांबवलं आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली. शिकवल्याप्रमाणे.

चौकशीबाई बाकावर टेकल्या.  त्यांनी हातातली चादर उगाच सरळ केली. एकही प्रश्न विचारला नाही, हे खरं. पण त्याच भरात जो विचारायला हवा होता तोही विचारला नव्हता. आजाराचे प्रश्न आणि कामाचे प्रश्न त्यांनी एकाच गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकले होते. काय झालं, किती झालं, डॉक्टर काय म्हणाले, हे तिचं. पण ही चादर घेऊन कोण चालणार, हे दोघींचं. ते त्यांनी तिला न विचारता ठरवून टाकलं होतं, रोज, चादरीगणिक. आणि त्यांच्या त्या मायेचाच पुरावा घेऊन साहेब खुर्ची द्यायला निघाले होते.

"साहेबांना काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"उद्या सांगते म्हटलं."

"बरं," बाई म्हणाल्या. उठल्या. "लाव गं मशिन," त्यांनी रोलरवालीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेब उत्तर घ्यायला आले तेव्हा दोघी आपल्या जागी होत्या. रोलरमधून मोठ्या पलंगाची चादर येत होती, सगळ्यांत जड. चौकशीबाईंनी आपली टोकं धरली. झटका दिला. घडी झाली. आणि त्यांनी, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं,

"चालतेस की थांबतेस?"

चहा घेतेस की ताक, असं विचारावं तसं.

पैलवानने त्यांच्याकडे बघितलं. "चालते."

ती चालत आली. सावकाश.  बाईंच्या मनात आलं, पुढे होऊन निम्म्या वाटेत गाठावं. पाय तसे निघालेही होते. त्यांनी बोटं चपलेत रोवली. पैलवान आली, टोकं दिली, वाकली, घडी उचलली, मागे गेली. पुन्हा आली. चादर टेबलावर पडली. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. टॉवेलवालीने नुसतं "हं" केलं. इतक्या महिन्यांच्या लोंबणाऱ्या चादरींनंतर त्या 'हं'मध्ये सगळं आलं.

पुढची चादर. "चालतेस की थांबतेस?"

"चालते."

त्याच्या पुढची. "चालतेस की थांबतेस?"

पैलवानने श्वास घेतला. साहेब बघत होते. ती 'चालते' म्हणेल, हट्टाने म्हणेल आणि मध्येच अडखळेल, अशी बाईंना भीती वाटली. पण विचारलं होतं ते उत्तर ऐकायला. आपल्या मनातलं उत्तर तिच्याकडून काढून घ्यायला नव्हे.

"थांबते," पैलवान म्हणाली. मोठ्याने. "आणि तू गुडघ्याचं नाव काढशील तर बघ."

खोलीत हशा पिकला. बाई चालल्या. मग एका चादरीला पैलवान चालली, पुढच्या दोन चादरींना बाई. एकदा पैलवान "बसते" म्हणून सरळ बाकावर बसली. कुणी मान वळवली नाही. तेवढ्यात बाईंनी उशांचे अभ्रे उचलले, ते एकटीने होतात. ती उठली की पुन्हा चादर.

साहेबांनी ढीग बघितला. टॉवेलवालीच्या वेळेपेक्षा तो मोठा नव्हता, पण लहानही नव्हता, आणि सरळ होता.

"साहेब, खुर्चीचं राहू द्या," पैलवान म्हणाली. "मला इथेच झेपतं. जेव्हा झेपत नाही तेव्हा मी हिला सांगते, ऐकलंत ना आत्ता. उद्या मुळीच झेपेनासं झालं, तर तुम्हालाही मीच येऊन सांगेन. तोवर कुणी माझ्यासाठी बघून ठरवू नका."

साहेब जरा घुटमळले. "मी आपलं तुमच्या सोयीसाठीच..."

"माहितीये. म्हणूनच नीट सांगतेय."

"मग तो बाक?"

"बाक असू दे," बाई म्हणाल्या. "कंबर खरंच गेलीय माझी."

ते दिवस गेले. पैलवान हळूहळू दुपारनंतरही थांबू लागली. काही आठवड्यांनी तिचा रुमाल गेला आणि खाली बारीक करडे केस दिसले. त्यावर रोलरवालीचं एवढंच म्हणणं पडलं, की वाफेजवळ हेच बरं, गरम होत नाही. मळक्या बाजूची आळीपाळी तिच्याशिवाय चालू राहिली, आणि ती कुणी मोजली नाही. एकदा घडी घालता घालता, कुणी काही विचारलं नसताना, पैलवान म्हणाली, "तिथे दवाखान्यात चादरी आपल्याकडच्याच होत्या. कोपऱ्यावरून ओळखल्या मी. एका बाजूला लोंबत होत्या." एवढंच. बाईंनी ते ऐकलं. पुढचे निदान सात प्रश्न त्यांच्या डोळ्यांत उभे राहिलेले पैलवानला दिसले असणार, कारण ती हसली.

"चालतेस की थांबतेस?" बाईंनी विचारलं.

त्या रात्री जेवताना नवऱ्याने सहज म्हटलं, "काय गं, तुझ्या त्या पैलवानला नक्की झालं तरी काय होतं?"

"मला नाही माहीत."

नवऱ्याचा हात घासासकट थांबला. "म्हणजे? तू विचारलं नाहीस?"

"नाही."

त्याने डावा हात पुढे करून त्यांच्या कपाळाला लावून बघितला. ताप नव्हता. त्याने पुन्हा एकदा लावून बघितला.

"जेवा," चौकशीबाई म्हणाल्या. "आणि ते लोणचं इकडे सरकवता की मी उठू?"